दाल मिलच्या मालकाचा १ जानेवारीचा मेसेज: एक प्रकरण

१ जानेवारी २०२४ ला सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी मिलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मालकाचा मेसेज पडला. वर उगवत्या सूर्याचा फोटो, फोटोच्या कोपऱ्यात एका बियाणे कंपनीचा लोगो (कोणीतरी फॉरवर्ड केलेला तसाच पुढे ढकललेला), आणि खाली हे:

"नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा. आपली मिल म्हणजे एक परिवार आहे. मागच्या वर्षी सगळ्यांनी खूप मेहनत घेतली. या वर्षी आपण सगळ्यांचं चांगलं करू. कोणालाही नाराज करणार नाही."

बस एवढंच. सात-आठ जणांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, दोघांनी गुलाब टाकले आणि मालक विसरून गेला. मिस्त्री मात्र विसरला नाही.

मूर्तिजापूर ते कारंजा रस्त्यावरच्या एका गावात ही मिल आहे. मी या पट्ट्यातल्या दहा-बारा छोट्या धंद्यांचे हिशेब आणि जीएसटी पाहतो, त्यातला हा एक. मालकाला सगळे भाऊच म्हणतात म्हणून इथंही भाऊच म्हणतो. दिवसाला चाळीस-पन्नास क्विंटल तूर ओढणारी साधी मिल आहे. कायमचे चौदा जण, म्हणजे एक मिस्त्री, त्याच्या हाताखाली चार पोरं, सहा हमाल, ड्रायव्हर, दिवाणजी आणि रातचा चौकीदार. यात हमालांचं कट्ट्यावर, म्हणजे पोत्यामागे, बाकीच्यांचं महिन्यावर. हंगामात म्हणजे नवी तूर सुरू झाली की वाळवणावर आणि निवडायला आठ-दहा बाया रोजानं येतात, त्यांना एक मुकादम बाई गोळा करून आणते.

आता २०२४ चं काय झालं ते. ८ तारखेला पगार घेताना मिस्त्रीनं विचारलं, "भाऊ, चांगलं करू म्हन्ले होते ना, मंग कितीक धरू?" भाऊ हसले, म्हणाले अरे बाप्पा त्या शुभेच्छा होत्या. मिस्त्री पण हसला. पण ही गोष्ट त्यानं जेवणाच्या सुट्टीत सांगितली आणि हमालांनी त्याचा अर्थ असा काढला की मालकानं ग्रुपवर लिहून दिलं आणि तोंडावर फिरवलं. फेब्रुवारीच्या मध्यात, म्हणजे तुरीच्या गाड्या रोज लागत असताना, दोन हमाल दुसऱ्या मिलवर निघून गेले. नऊ दिवस चार हमालांवर काम चाललं, गाड्या रात्रभर उभ्या, ट्रकवाल्यांची कटकट वेगळीच.

खरं सांगायचं तर ते मेसेजमुळे गेले असं मी म्हणणार नाही. तिकडे कट्ट्यामागे दोन रुपये जास्त भेटत होते. पण त्यातला एक नंतर मला बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "सर, काईच लिवलं नसतं ना, तं पाडव्यालोक थांबलो असतो. लिवलं आन मंग नाई म्हन्ले, मंग पाडव्याले तरी काय देतीन?" हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या शनिवारी मी वहीखाते पाहायला मिलवर गेलो तर भाऊंनी मोबाईल पुढे केला, म्हणाले यंदा मेसेज तुम्हीच पाहून द्या, मागच्या वेळी लफडं झालं. त्यांनी लिहून ठेवलेला मजकूर मागच्यापेक्षा लांब होता. त्यात परिवार होताच, शिवाय "येणारं वर्ष सर्वांना भरभराटीचं जावो", "कामात शिस्त ठेवावी", "ज्यांच्याकडे उचल बाकी आहे त्यांनी मार्चअखेर क्लिअर करावी", आणि शेवटी "दिवाळीला बोनसचं नक्की पाहू".

मी म्हटलं भाऊ, हा मेसेज पाठवूच नका, त्यापेक्षा नुसता सूर्य पाठवा.

सगळ्यात आधी उचलीचं घ्या. चौदापैकी नऊ जणांची उचल होती, कोणाची पोरीच्या लग्नाची, कोणाची दवाखान्याची. ग्रुपमध्ये नाव नाही लिहिलं तरी गावात प्रत्येकाला माहीत असतं कोणाकडे किती आहे. म्हणजे नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी नऊ जणांना चारचौघात तगादा. त्यातही त्या ग्रुपमध्ये चुनी नेणारे दोन गोठेवाले आणि एक अडत्या पण ॲड होता, कधी कोणी केला भाऊंनाही आठवत नव्हतं. उचलीचं बोलणं एकेकट्याशीच करायचं, संध्याकाळी, ऑफिसात बसून. ते वाक्य काढलं.

मग प्रश्न आला की १ जानेवारीला सांगायचं काय. इथं थोडं थांबतो, कारण आपल्याकडे हा घोळ खूप जणांच्या लक्षात येत नाही. आपल्या भागात कामगाराची वर्षं तीन असतात. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं, ते पिढ्यान्‌पिढ्या तसंच आहे, आणि मिलमधले बहुतेक जण सालदारांच्याच घरातले, त्यामुळे पगार वाढला तर पाडव्यालाच वाढणार हे त्यांच्या डोक्यात पक्कं. वरचे पैसे भेटले तर दिवाळीला. आणि मालकाचं हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च. या तिघांत १ जानेवारी कुठंच बसत नाही. शहरातल्या कंपनीत जानेवारीत साहेब पुढच्या वर्षाचं बोलतो, तेच उचलून गावातल्या मिलवर आणलं की ऐकणाऱ्याला वाटतं पाडव्याच्या आधीच मालक काही कबूल करून राहिला. मिस्त्रीनं मागच्या साली नेमकं तेच समजून घेतलं होतं, आणि त्यात त्याची चूक मला तरी दिसत नाही.

म्हणून पहिलं ठरलं ते हे की १ जानेवारीच्या मेसेजमध्ये वाढीचा आकडा नको आणि वाढीचा इशाराही नको, फक्त वाढीची तारीख पाहिजे. २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता. "३० मार्चला सांगीन" हे असं वाक्य आहे की जे पाळलं की नाही ते कोणालाही तपासता येतं. "चांगलं करू" तपासता येत नाही, म्हणून ज्याला जे पाहिजे ते तो त्यात टाकून पाहतो.

भाऊंना हे पटलं पण ते म्हणाले मग वाढ आत्ता का नाही ते कसं सांगू, धंद्याचं खराब कसं बोलू नोकरांसमोर. झालं असं होतं की २०२४ च्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात तूर दहा हजारांच्या वर होती आणि भाऊंनी आणखी चढेल म्हणून माल भरून ठेवला. डिसेंबरात नवी तूर यायची चाहूल लागली तसा भाव खाली यायला लागला, हमीभाव त्या साली ७,५५० होता आणि बाजार हळूहळू त्याच्याकडेच घसरत चाललेला. गोदामात महागाची तूर, बाहेर स्वस्ताची दाळ. मिलवाल्याचं गणित तसं सोपं आहे, शंभर किलो तुरीतून सत्तर-पंच्याहत्तर किलो दाळ निघते, बाकी चुनी आणि टरफल, आणि चुनी-टरफलानं वीज-मजुरी थोडी निघते. पण तूरच महाग पडली असेल तर चुनी विकून कोणी वाचत नाही.

मी म्हटलं हेच सांगा, पण असं सांगा की चूक खरेदीची झाली, कामाची नाही. कारण "वर्ष खराब गेलं" एवढंच ऐकलं की मिस्त्रीला वाटतं दाळ कमी उतरली म्हणून मलाच बोलून राहिले. भाऊंना हे जड गेलं. तीन वेळा ते वाक्य फिरवून पाहिलं त्यांनी, बाजार पडला, मार्केट डाऊन होतं, सरकारनं बाहेरून तूर आणली. शेवटी म्हणाले, "लिवा, माह्या अंदाज चुकला."

आता बोनस हा शब्द. तो मी काढायला लावला आणि त्याच्यामागे एक वेगळीच भानगड निघाली.

भाऊंचं म्हणणं, आपले चौदाच लोक, बोनसचा कायदा वीसला लागतो, आपण देतो ते खुशीनं. दिवाळीला ते कायमच्या लोकांना एक पगार जास्त देतात, हमालांना महिन्याभराची सरासरी काढून देतात, बायांना दोन किलो दाळ आणि पाचशे रुपये. मी हजेरीवही मागितली. दिवाणजीच्या वहीत चौदाच नावं. मग मुकादम बाईची चिठ्ठी मागितली, तिच्याकडे एका शाळेच्या वहीत रोजचे आकडे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अकरा दिवस असे निघाले की वाळवणावर आठ बाया होत्या. चौदा आणि आठ बावीस.

बोनस कायदा १९६५ चा, त्यात वीस हा आकडा वर्षभराच्या सरासरीचा नाही, वर्षातल्या कोणत्याही एका दिवसाचा आहे. एक दिवस वीस भरले की त्या वर्षाला कायदा लागला, आणि एकदा लागला की पुढे लोक कमी झाले तरी लागूच राहतो. आणि ज्यानं वर्षात तीस दिवस काम केलं तो पात्र, रोजंदारीचा असला तरी. बाया मुकादमाच्या हातून पैसे घेतात म्हणून त्या तिच्या कामगार होत नाहीत असं माझं मत, कारण ढीग कधी पसरायचा, कधी गोळा करायचा, हे मिस्त्री सांगतो आणि खाडा भाऊ कापतात. (नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा जाऊन वेतन संहिता आली, पण वीसचा आकडा आणि ८.३३ टक्के त्यातही आहेतच.)

भाऊंचा चेहरा उतरला. म्हणाले, मग दोघी-तिघी कमी आणू. म्हटलं भाऊ, मागचं वर्ष तर होऊन गेलं.

पण त्यांना वाटलं तेवढं मोठं प्रकरण नव्हतं ते. कमीत कमी बोनस ८.३३ टक्के, आणि ८.३३ टक्के म्हणजे दुसरं काही नाही, बारातला एक भाग. वर्षाचा एक पगार. कायमच्या लोकांना भाऊ दिवाळीला एक पगार देतच होते, आणि सणाला दिलेली रक्कम कायद्यात वळती करून घेता येते. म्हणजे त्यांचं भरत होतं, फक्त वहीत "बोनस" म्हणून सही-शिक्क्यानं नव्हतं. राहिल्या बाया. ज्या बाईनं हंगामात २१,००० कमावले तिचे होतात साधारण १,७५०, त्यातून दिवाळीचे पाचशे गेले की साडेबाराशे. आठ जणींचे मिळून दहा हजार धरा. एका गाडीच्या भाड्यापेक्षा कमी.

माझं मत होतं की हे बायांना मेसेजमध्येच सांगावं, यंदापासून तुमची हजेरी वहीत लागेल आणि दिवाळीला हिशेबानं भेटेल म्हणून. भाऊ अडले. म्हणाले आत्ता सांगितलं तर मागच्याचं पण मागतील. हे मी त्यांच्याकडून काढून घेऊ शकलो नाही, मालक ते आहेत. शेवटी एवढं ठरलं की बोनस हा शब्द मेसेजमध्ये येणारच नाही, कारण कायद्यानं द्यायच्या गोष्टीला "पाहू" म्हणणं चूक आहे, आणि खुशीच्या गोष्टीला बोनस म्हटलं की ती पुढच्या साली हक्काची होते. पण बायांची नावं १ जानेवारीपासून दिवाणजीच्या वहीत जातील. गेली पण.

बायांसाठी मेसेजमध्ये दुसरी गोष्ट आली आणि ती मला सगळ्यात कामाची वाटते. तुरीला रोलमधून काढून, तेल-पाणी लावून, उन्हात दोन-तीन दिवस वाळवावं लागतं, ऊन कमी असलं तर जास्त. जानेवारीत आमच्याकडे मधूनच ढग येतो. सकाळी बाया दोन-तीन किलोमीटर पायी येतात, दहा वाजता आभाळ भरतं, भाऊ म्हणतात जा घरी, आणि खाडा. ना इकडची मजुरी ना शेतातली, कारण तोवर कापूस वेचायला जाणाऱ्या निघून गेलेल्या असतात. मी मुकादम बाईला सहज विचारलं की मालकानं नवीन वर्षाला काय सांगावं असं वाटते, तर ती म्हणाली, "काई नोका सांगू, ढग आला तं काय भेटते थे सांगा."

अर्धी हजेरी ठरली. पण त्याला बूडही घातलं, नाहीतर भाऊ फेब्रुवारीत मोडतील हे मला माहीत होतं: सकाळी सातच्या आत मुकादमाला फोन गेला की येऊ नका, तर काही नाही. आल्यावर परत पाठवलं तर अर्धी.

पगाराची तारीख हा चौथा मुद्दा. मागच्या साली तीन महिने पगार १२-१५ तारखेला झाला होता. तेव्हाच्या वेतन प्रदान कायद्यात (१९३६ चा) हजारापेक्षा कमी लोक असले तर ७ तारखेच्या आत पगार हे होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे किराणावाला आणि बचत गटाचा हप्ता. गटाचा हप्ता चुकला की घरची बाई दहा जणींत खाली मान घालते, हे मालकाला दिसत नाही.

आता पाठवायचं कसं. ग्रुपमध्ये चौदापैकी नऊच जण. हमालांतल्या दोघांकडे बटणाचा फोन, तिघांचा मोबाईल पोराकडे. बायांत फक्त मुकादम बाई, तीही वाचत नाही, नातू वाचून दाखवतो. म्हणजे लिहिलेला मेसेज निम्म्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळणार, आणि दुसऱ्याच्या तोंडून गेलेलं काय होतं ते मागच्या वर्षी पाहिलं. म्हणून भाऊंनी स्वतःच्या आवाजात बोलायचं, घरी बोलतात तसं, आणि तेच चहाच्या वेळी सगळ्यांसमोर पण. लिहून फक्त तारखा टाकायच्या.

भाऊ १ जानेवारीलाच करू म्हणत होते. पण दोन हमाल आणि मिस्त्रीचा एक पोरगा ३१ च्या रात्रीच कोरेगाव भीमाला निघणार होते, दरवर्षी जातात. ज्या दिवशी तिघं नाहीत त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायचं म्हणजे ते तिघं परत आल्यावर अर्धवटच ऐकणार. म्हणून १ ला नुसती व्हॉइस नोट, आणि समोरासमोर ३ तारखेला, शुक्रवारी, सगळे आल्यावर. गोठेवाले आणि अडत्या ग्रुपमधून आदल्या दिवशीच काढले.

ही ती नोट, मी ऐकून उतरवली तशी:

"राम राम, जय भीम, सलाम सगळ्यायले. नवीन सालाच्या शुभेच्छा. दोन मिन्टं आयका. गेलं साल आपलं बरं नोतं गेलं. तूर महाग घेतली आन दाळ सस्ती गेली. तुमच्या कामात काई कमी नोतं, माह्या अंदाज चुकला. म्हनून आता जानेवारीत कोनाचा पगार वाढवत नाई. वाढ द्याची का, आन कितीक, हे पाडव्याले सांगीन, तीस मार्चले. त्याच्या आंधी एकेकाशी बोलीन. आज आकडा इचारू नोका, मलेच मालूम नाई. पगार सात तारखेले भेटन. सातले रविवार असला तं सहाले. गेल्या साली तीनदा उशीर झाला, थे माह्यं चुकलं. वाळवनावरच्या बायायसाठी: सकाळी सातच्या आंधी नोका येऊ म्हटलं तं काई नाई, पन आल्यावर वापस पाठवलं तं अर्धी हजेरी. कोनाले पैशाचं काई बोलाचं असन तं संध्याकाळी माह्याकडं या, गोदामात नोको. बस."

एक मिनिट वीस सेकंद. मला वाटलं होतं भारी जमलं. संध्याकाळी सहा वाजता भाऊंचा फोन, "सर, गावात बोंब झाली, मिल इकून राह्यले म्हन्ते."

यात चूक माझी होती. मी क्रम असा लावला की वाईट बातमी आधी, लपवल्यासारखं नको. पण ज्याचं पोट त्या मिलवर आहे त्यानं "साल बरं नोतं गेलं" ऐकलं की पुढचं त्याच्या कानात शिरतच नाही, त्याला एकच कळतं, काम राहते का जाते. आणि त्या नोटमध्ये मिल चालू राहणार हे वाक्यच नव्हतं, कारण भाऊंना आणि मला ते सांगायची गरजच वाटली नाही, आमच्या मनात मिल बंद व्हायचा विचारच नव्हता. त्यात भर म्हणजे गोठेवाल्यांना ग्रुपमधून काढलेलं, त्यांनी चहाच्या टपरीवर सांगितलं आम्हाला काढून टाकलं बाप्पा, म्हणजे काहीतरी आहे. चौकीदाराच्या बायकोनं रात्री भाऊंच्या घरी येऊन विचारलं की खोली खाली करावी लागते काय.

रात्री आठला दुसरी नोट गेली, पंधरा सेकंदाची. "मिल चालू हाये, चालूच राहीन, कोनालेच काढत नाई, औंदाची तूर याच मिलमंदी भरडाची हाये." आणि ३ तारखेला समोर बोलताना भाऊंनी सुरुवातच तिथून केली, आधी काम, मग तारीख, मग खराब साल. नोटमधलंच सगळं, फक्त क्रम उलटा. कोणी काही विचारलं नाही, फक्त मिस्त्री म्हणाला, "तीस मार्च म्हन्ले ना भाऊ? रविवार हाये थे." भाऊ म्हणाले पाडवा आहे, मी येतो, तू पण ये.

पुढचं थोडक्यात. पगार जानेवारी ते मार्च तिन्ही वेळा ७ ला झाला, मार्चमध्ये भाऊंनी त्यासाठी चाळीस कट्टे चुनी दोन रुपये कमी भावानं काढली, हे कोणाला सांगितलं नाही. अर्धी हजेरी तीन दिवस द्यावी लागली. चौथ्यांदा ढग आला तेव्हा भाऊंनी साडेसहालाच मुकादमाला फोन केला, आणि त्या दिवशी नऊ वाजता चक्क ऊन पडलं, तूर तशीच ओली पडून राहिली. त्यावर ते अजून चिडतात. एक हमाल फेब्रुवारीत गेलाच, पण आठ दिवस आधी सांगून गेला, आणि त्याच्या जागी त्याचाच चुलतभाऊ देऊन गेला.

पाडव्याला मिस्त्रीला बाराशे वाढले, पोरांना सहाशे, ड्रायव्हर-दिवाणजीला आठशे, चौकीदाराला पाचशे, हमालांना कट्ट्यामागे एक रुपया. हमालांना दोन पाहिजे होते. कुरबूर झाली, पण ती रुपयाची झाली, शब्द फिरवल्याची नाही, आणि रुपयाची कुरबूर दोन दिवसात चहावर मिटते. मिस्त्री खुश नव्हता, त्याला दोन हजाराची आशा होती, ते त्यानं तोंडावर सांगितलं.

२०२५ च्या दिवाळीला बायांना वहीवरून हिशेब करून पैसे दिले, सही-अंगठा घेऊन. मुकादम बाईनं तीनदा मोजले. त्यातल्या एकीनं मला विचारलं की हे औंदाच का, पोरसाली नोतं का असं काही. मी भाऊंकडे पाहिलं, भाऊ दुसरीकडे पाहत होते. २०२३-२४ चे आठ जणींचे ते दहा हजार माझ्या वहीत अजून बाकीच्या बाजूला लिहून आहेत, आणि मी दर महिन्याला गेलो की ते पान उघडं ठेवून चहा पितो.